छायाचित्रांच्या आधारे जुन्या फाउंटन पेनाची निब व शाई भरण्याची यंत्रणा ओळखणे : पार्कर ५१ च्या संदर्भात

प्रस्तावना

वडिलोपार्जित वस्तूंच्या पेटीत सापडलेले अथवा विक्रीस ठेवलेले जुने फाउंटन पेन आज अभ्यासकाच्या हाती प्रत्यक्ष येण्यापूर्वी बहुधा छायाचित्रांच्या रूपानेच समोर येते. पेन विकत घ्यावयाचे की नाही, त्याच्या दुरुस्तीस किती खर्च येईल, ते उघडावे कसे, हे सर्व निर्णय चार-पाच छायाचित्रांवरून करावे लागतात. येथे चूक झाल्यास नुकसान केवळ पैशाचे होत नाही. ज्या पेनाचा दांडा फिरवून काढावयाचाच नसतो तो जोर लावून फिरवल्यास सत्तर-ऐंशी वर्षे टिकलेले प्लॅस्टिक क्षणात तडकते. म्हणून ‘हे पेन कोणते?’ या प्रश्नाआधी ‘या पेनात शाई कोणत्या मार्गाने भरली जात होती?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात या ओळखीची पद्धती पार्कर ५१ या अमेरिकन पेनाच्या आधारे मांडली आहे. १९४१ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलेल्या या पेनाची निवड करण्याचे कारण असे की, याची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते, आणि बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या त्याच्या दांड्यात वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या यंत्रणा बसविल्या गेल्या. अर्थात छायाचित्र काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, या दोन्ही गोष्टी याच पेनावर उत्तम रीतीने तपासता येतात.

उद्दिष्टे

१. पेनाच्या बाह्य रचनेवरून शाई भरण्याची यंत्रणा कशी ओळखावी हे स्पष्ट करणे.
२. निबेचा प्रकार व तिच्या टोकाची घडण छायाचित्रावरून कशी वाचावी हे पाहणे.
३. एका उदाहरणाद्वारे पुराव्यांचा क्रम व त्यांच्या मर्यादा दाखविणे.

कोणती छायाचित्रे आवश्यक आहेत?

विक्रेता सहसा टोपण लावलेल्या पेनाचे एक सुबक छायाचित्र देतो. ओळखीच्या दृष्टीने त्याचा उपयोग सर्वांत कमी असतो. किमान पाच छायाचित्रे मागावीत : टोपण काढलेले संपूर्ण पेन, दांड्याच्या मागील टोकाचे जवळून घेतलेले चित्र, दांड्यावरील कोरीव अक्षरे, मागील टोकाचे झाकण असल्यास ते काढल्यानंतर दिसणारा भाग, आणि निबेचे टोक वरून व बाजूने.

प्रकाशयोजना येथे फार महत्त्वाची आहे. समोरून पडणाऱ्या प्रखर प्रकाशात काळ्या दांड्यावरील सांधा पूर्णपणे लोपतो. तोच प्रकाश एका बाजूने, तिरकस पाडला तर सांध्याच्या खाचेत बारीक सावली पडते व सांधा रेषेसारखा उमटतो. पुसट झालेली कोरीव अक्षरेही याच पद्धतीने वाचता येतात. पेन पांढऱ्या कागदावर ठेवावे, म्हणजे चित्रात कागद पिवळट दिसल्यास सोन्याचा भासणारा रंग केवळ दिव्याचा आहे हे कळते. आलेखाच्या कागदावर पेन ठेवल्यास लांबीचाही अंदाज येतो.

यंत्रणेची ओळख : सांधे काय सांगतात?

शाई भरण्याची प्रत्येक यंत्रणा हाताने चालविण्यासाठी दांड्यात कोठेतरी वाट ठेवावी लागते. ती वाट म्हणजेच ओळखीची खूण होय. दांड्याच्या बाजूला धातूची लांबट पट्टी बसविलेली दिसली तर ती तरफ असते. शेफर कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीत तरफ उचलताच आतील रबरी पिशवी दाबली जाते. बाजूला पट्टी नाही, मागील टोकाला सांधाही नाही, मात्र पुढील पकडीचा भाग दांड्यात लांब आट्यांनी बसतो, अशी रचना असल्यास ते ड्रॉपरने थेट दांड्यात शाई भरण्याचे पेन असण्याचा संभव असतो. भारतात ही रचना दीर्घकाळ प्रचलित राहिल्यामुळे ती येथील वाचकांच्या विशेष परिचयाची आहे.

मागील टोकाला सांधा दिसल्यास प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण त्या एका रेषेमागे अनेक यंत्रणा असू शकतात. अशा वेळी झाकण काढून अथवा टोकाचा भाग मागे ओढून घेतलेले छायाचित्रच निर्णायक ठरते. टोक फिरवले असता बाहेर सरकत असेल आणि दांड्यात शाई दिसण्याची पारदर्शक पट्टी असेल, तर ते १९२९ पासून पेलिकनने प्रचारात आणलेल्या पिस्टन पद्धतीचे असू शकते. टोकासोबत रुंद धातूची नळी बाहेर येत असेल तर ती शेफरची १९४९ ची ‘टचडाउन’ पद्धती. तिच्याच पुढील ‘स्नॉर्केल’ या १९५२ च्या प्रकारात निबेखालील जिभेच्या टोकाशी एक सूक्ष्म नळी बाहेर येण्याचे छिद्र दिसते. म्हणजे तेथे यंत्रणेचा पुरावा पेनाच्या पुढच्या टोकाला मिळतो. टोकासोबत केवळ बारीक सळई ओढली जात असेल तर ती निर्वात दाबाने शाई खेचणारी जुनी दट्ट्याची रचना असते.

पार्कर ५१ मध्ये आरंभी ‘व्हॅक्युमॅटिक’ नावाची यंत्रणा होती. तिच्यात वेगळी पिशवी नसते, दांडा हाच शाईचा साठा असतो. मागील टोकाचे छोटे झाकण फिरवून काढल्यावर आखूड दट्ट्या दिसतो. तो दाबला की आतील रबरी पडदा पुढे सरकतो, सोडला की मागे येतो. निब शाईत बुडवून ही क्रिया अनेकदा केल्यास दांडा भरतो. सुरुवातीचे दट्टे ॲल्युमिनियमचे होते, नंतर ते प्लॅस्टिकचे झाले. या पेनाचा दांडा अपारदर्शक असल्यामुळे शाईची पातळी बाहेरून दिसत नाही.

१९४८ मध्ये या पेनात ‘एरोमेट्रिक’ यंत्रणा आली. आता मागील टोकाचे झाकण राहिले नाही, दांडा एकसंध झाला. तो पकडीजवळील धातूच्या कड्यापाशी फिरवून काढला की आत धातूची नळी व तिच्यातील दाबपट्टी दिसते. नळीच्या आत पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी असते. म्हणून अमेरिकेत बनलेल्या जुन्या पार्कर ५१ बाबत ढोबळ नियम असा सांगता येतो : मागील टोकाजवळ सांधा असेल तर व्हॅक्युमॅटिक, नसेल तर एरोमेट्रिक.

परंतु हा नियम अपवादरहित नाही. १९४६-४७ च्या सुमारास थोडा काळ पार्कर ५१ मध्ये बटण दाबून शाई भरण्याची आणखी एक रचना वापरली गेली. तिलाही मागे झाकण असल्याने बाहेरून ती व्हॅक्युमॅटिकसारखीच दिसते. झाकण काढल्यावर मात्र दट्ट्याऐवजी बटण आणि दांड्याच्या काठाशी लाल रंगाचे बारीक धातूचे कडे दिसते. संग्राहकांमध्ये ती ‘रेड बँड’ या नावाने ओळखली जाते. यावरून सांध्याची रेषा ही यंत्रणेची सूचना होय, सिद्धता नव्हे, हे ध्यानात येते.

निबेची ओळख

निबेविषयी दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला, निब पेनात कशी बसविली आहे? दुसरा, तिचे लिहिणारे टोक कसे घडविले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्र सहज देते. सर्वांत परिचित ती उघडी निब. शेफरने १९४२ पासून वापरलेली निब नळीप्रमाणे पकडीभोवती गुंडाळलेली असते, तर १९५९ च्या ‘पेन फॉर मेन’ या पेनात ती पकडीच्या पृष्ठभागात जडविलेली असते. पार्कर ५१ ची निब नळीच्या आकाराची असून ती प्लॅस्टिकच्या घुमटीखाली झाकलेली असते, केवळ टोक बाहेर राहते. या पेनासोबत पार्करने अतिशय लवकर वाळणारी शाई बाजारात आणली होती. निब उघडी राहिली असती तर ती शाई टोकावरच वाळली असती. म्हणून घुमटी ही केवळ शोभेची कल्पना नव्हती.

निब झाकलेली असल्याने तिच्यावरील अक्षरे छायाचित्रात वाचता येत नाहीत. उघड्या निबेवर १४ के किंवा ५८५ हे आकडे चौदा कॅरट सोने दर्शवितात, ७५० हा आकडा अठरा कॅरट. त्यावर केवळ ‘वॉरंटेड १४ के’ असे असून पेनाच्या निर्मात्याचे नाव नसेल तर ती निब सामान्य पुरवठादाराची असते. ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ अशी अक्षरे असणारी निब बहुधा अलीकडची पोलादी निब असते. ती १९३० अथवा १९४० च्या दशकातील पेनात दिसल्यास मूळ निब बदलली गेली आहे असे समजावे. पार्कर ५१ बाबत ही सोय नसल्यामुळे ‘सोन्याची निब’ हे विक्रेत्याचे विधान घुमटी उघडल्याशिवाय पडताळता येत नाही. १९५० मध्ये आलेल्या ‘५१ स्पेशल’ या स्वस्त प्रकारात ‘ऑक्टेनियम’ नावाच्या पोलादी मिश्रधातूची निब होती, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी लागते. घुमटीच्या काठाशी निबेचा जो चिमूटभर भाग दिसतो त्याचा रंग पिवळा की रुपेरी, एवढीच सूचना चित्रातून मिळू शकते.

टोकाच्या घडणीचा प्रश्न मात्र झाकलेल्या निबेतही सुटू शकतो, कारण टोक बाहेरच असते. त्यासाठी दोन चित्रे हवीत. बाजूने पाहता टोकाला गोलसर मणी दिसला तर ते नेहमीच्या गोल टोकाचे, म्हणजे बारीक, मध्यम अथवा जाड या श्रेणीतील होय. मणी न दिसता टोक चपटे असेल आणि वरून पाहता त्याची कड आडवी, सरळ असेल, तर ते ‘स्टब’ प्रकारचे असते. त्याने काढलेल्या उभ्या रेषा जाड व आडव्या रेषा बारीक येतात. कड आडवी नसून तिरकी असेल तर त्यास तिरक्या टोकाची निब म्हणतात. येथेच एक चूक वारंवार होते. एकाच हाताने वर्षानुवर्षे एका कोनात लिहिल्यामुळे गोल टोकही एका बाजूने झिजते व तिरक्या निबेसारखे दिसू लागते. मुद्दाम घडविलेली तिरकस कड सरळ व दोन्ही फाळ्यांवर सलग असते. झिजेचा पृष्ठभाग बहुधा वक्र व एका फाळ्यावर अधिक असतो.

एक उदाहरण

वरील विवेचन एकत्र कसे वापरावे हे पाहण्यासाठी पाच छायाचित्रांचा एक संच कल्पावा. विक्रेत्याचे वर्णन ‘पार्कर ५१, सोन्याची निब, चालू स्थितीत’ असे आहे असे समजू.

पहिल्या चित्रात टोपण लावलेले काळे पेन आहे. टोपणाची खिळ बाणाच्या आकाराची असून तिच्यावर निळ्या हिऱ्याचे चिन्ह आहे. पार्करने हे चिन्ह १९४७ च्या सुमारास बंद केले. त्यामुळे टोपण १९४८ पूर्वीचे असावे असे दिसते. तथापि टोपणे सहज बदलता येतात, म्हणून हा पुरावा टोपणाचा आहे, पेनाचा नाही.

दुसऱ्या चित्रात टोपण काढले आहे. निब घुमटीखाली आहे, पकडीपाशी धातूचे गुळगुळीत कडे आहे, टोपण फिरवून लावण्याचे आटे नाहीत. ही शेवटची गोष्ट उपयोगी आहे. २०२१ च्या सुमारास पार्करने या नावाचे जे नवे पेन काढले त्याचे टोपण आट्यांनी बसते व त्यात काडतूस अथवा कन्व्हर्टर लागतो. आटे नसल्यामुळे ती शक्यता बाद होते. घुमटीचा आकार मात्र पार्करची सिद्धता नव्हे. भारतात घरोघरी पोहोचलेल्या चिनी ‘हिरो’ पेनांनी हाच आकार स्वीकारला होता. त्यामुळे निर्मात्याचे नाव अक्षरांतच शोधले पाहिजे. याच चित्रात दांड्याच्या मागील टोकाजवळ एक पुसट रेषा दिसते.

तिसऱ्या चित्रात तिरकस प्रकाशात दांड्यावर पार्करचे नाव, अमेरिकेत बनल्याचा उल्लेख आणि ७ हा अंक वाचता येतो. हा अंक निर्मितीवर्षाचा शेवटचा अंक असतो. दशक तो सांगत नाही. पण मागील टोकाला सांधा असलेले अमेरिकन पार्कर ५१ हे १९४१ ते १९४८ या काळातले. त्या काळात ७ ने संपणारे वर्ष एकच, १९४७. अशा प्रकारे अंक एकटा अपुरा आणि सांधाही एकटा अपुरा असला तरी दोहोंच्या मेळातून वर्ष निश्चित होते. हाच अंक ८ असता तर त्याने यंत्रणेविषयी काहीच सांगितले नसते, कारण १९४८ मध्ये दोन्ही यंत्रणांची पेने तयार झाली.

वर्ष १९४७ ठरल्यामुळेच आता ‘रेड बँड’ची शक्यता उभी राहते. चौथे चित्र तिचा निकाल लावते. झाकण काढलेले आहे, आत प्लॅस्टिकचा आखूड दट्ट्या आहे, लाल कडे नाही. यंत्रणा व्हॅक्युमॅटिक ठरते, आणि प्लॅस्टिकचा दट्ट्या १९४७ या वर्षाशी सुसंगतही आहे.

पाचव्या चित्रात निबेचे टोक वरून पाहता रुंद व कड आडवी दिसते. बाजूने घेतलेल्या चित्रात मणी दिसत नाही. टोक स्टब प्रकारचे आहे. ते कारखान्यात तसे घडविले की पुढे कोणी कारागिराने जाड टोक घासून तसे केले, हे चित्रावरून सांगता येत नाही.

आता विक्रेत्याच्या वर्णनाकडे परत वळावे. ‘पार्कर ५१’ हे विधान सिद्ध झाले. ‘सोन्याची निब’ हे संभवनीय आहे, कारण पोलादी निबेचा ‘स्पेशल’ प्रकार १९५० नंतरचा, तरी निब बदलल्याची शक्यता उरतेच. ‘चालू स्थितीत’ या विधानास मात्र कोणत्याही छायाचित्राचा आधार नाही. व्हॅक्युमॅटिकचा रबरी पडदा काळाच्या ओघात कडक होतो किंवा विरघळतो. तो बदलला आहे काय, आणि पेन पाणी ओढते काय, हे प्रश्न विक्रेत्यास स्वतंत्रपणे विचारावे लागतील. उलट हेच पेन एरोमेट्रिक निघाले असते तर चिंता कमी झाली असती, कारण त्यातील प्लॅस्टिकची पिशवी रबरापेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते.

उघडण्याबाबतची सूचनाही यातूनच मिळते. एरोमेट्रिक समजून या पेनाचा दांडा कड्यापाशी फिरविण्याचा प्रयत्न केल्यास तेथे लाखेने बंद केलेला सांधा आहे. तो सौम्य उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही. जोर लावल्यास घुमटी अथवा दांडा तडकतो. या पेनात मालकाने नेहमीच्या वापरात काढावयाचा भाग एकच, मागील छोटे झाकण.

छायाचित्राच्या मर्यादा

काही गुणधर्म छायाचित्राच्या कक्षेबाहेरच राहतात. निबेची लवचिकता हा त्यांतील पहिला. लांब फाळे व अरुंद खांदे असलेली उघडी निब लवचीक असण्याचा संभव असतो, परंतु धातूची जाडी व त्यावरील संस्कार चित्रात दिसत नाहीत. दाब देऊन काढलेल्या रेषेचा नमुना हाच तिचा पुरावा, आणि तोही त्याच निबेने काढलेला असावयास हवा. दुसरा गुणधर्म म्हणजे प्लॅस्टिकमधील केसासारख्या भेगा. त्या बहुधा घुमटीच्या काठाशी व दांड्याच्या तोंडाशी असतात आणि साध्या प्रकाशात दिसत नाहीत. तिसरा, आतील भागांची अदलाबदल. दुरुस्तीच्या प्रवासात एका पेनाचा दांडा, दुसऱ्याची घुमटी व तिसऱ्याचे टोपण एकत्र येणे अजिबात विरळ नाही.

निष्कर्ष

१. शाई भरण्याची यंत्रणा दांड्याच्या रचनेशी बांधलेली असल्याने सांधे व त्यांमागील भाग पाहून ती पुष्कळ विश्वासाने ओळखता येते. निब मात्र बदलता येणारा भाग आहे. म्हणून पेनाचा काळ निबेवरून नव्हे, दांड्यावरून ठरवावा.

२. पार्कर ५१ मध्ये मागील टोकाचा सांधा यंत्रणा सुचवितो, झाकण काढलेले चित्र ती सिद्ध करते, आणि वर्षाचा अंक यंत्रणेच्या काळाशी जुळवूनच अर्थपूर्ण होतो.

३. निबेचे टोक वरून व बाजूने अशा दोन चित्रांवाचून ठरवू नये, आणि झीज व घडण यांत भेद करावा.

४. ओळख पूर्ण झाल्यावरही पेन चालते की नाही हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. त्यासाठी पेनाने पाणी ओढून दाखविलेले पाहणे अथवा विश्वासू दुरुस्तीकाराच्या हाती ते देणे हाच मार्ग आहे. तोवर दांड्याच्या कोणत्याही भागास जोर लावू नये.